बंद पडलेल्या विक्री-पानाची तपासणी
काय काढून टाकावे, काय ठेवावे आणि काय पुन्हा सुरू करावे

सन २०२० च्या टाळेबंदीत बाजारपेठा बंद पडल्या तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील अनेक शेतकरी गटांनी शहरातील ग्राहकांना माल थेट विकण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी फेसबुकवर गटाच्या नावाने पान उघडले गेले, व्हॉट्सअ‍ॅपवर व्यवसायाचे खाते काढले गेले आणि काही महिने त्यांवर मालाची छायाचित्रे व भाव नियमितपणे प्रसिद्ध होत राहिले. पुढे बाजार पूर्ववत झाले आणि पान चालविणारा तरुण नोकरीस किंवा शिक्षणासाठी बाहेरगावी गेला. पान मात्र जसेच्या तसे राहिले.

असे पान बंद पडलेले दिसत असले तरी ते बंद नसते. त्यावरील जुना भाव, जुना दूरध्वनी क्रमांक व पैसे भरण्याचे जुने सांकेतिक चित्र आजही कोणाही ग्राहकास दिसते. म्हणून असे पान हाती घेताना त्यावर लगेच नवे छायाचित्र टाकणे ही पहिली पायरी नव्हे. प्रथम त्याची तपासणी करावी. प्रस्तुत लेखात मंगळवेढा तालुक्यातील रब्बी ज्वारी विकणारा, बावीस सभासदांचा एक कल्पित गट नमुन्यादाखल घेऊन ही तपासणी क्रमाने दाखविली आहे. या गटाचे पान सन २०१९ च्या नोव्हेंबरात उघडले गेले आणि त्यावरील शेवटची नोंद सन २०२२ च्या मे महिन्यातील आहे, असे धरले आहे.

प्रथम ताबा कोणाकडे आहे हे पाहावे

पानाच्या व्यवस्थेत `Page access` या ठिकाणी पानावर कोणाकोणाचा अधिकार आहे हे दिसते. पूर्ण नियंत्रण असलेली व्यक्तीच इतरांना अधिकार देऊ किंवा काढून घेऊ शकते, आणि पान कायमचे काढून टाकण्याचा अधिकारही तिलाच असतो. नमुन्याच्या गटात पूर्ण नियंत्रण फक्त पान उघडणाऱ्या तरुणाकडे होते व तो पुण्यास नोकरीला होता. त्याच्याशी संपर्क साधून गटाच्या दोन सभासदांना पूर्ण नियंत्रण देण्यात आले. ते त्यांच्या खात्यावर प्रत्यक्ष दिसू लागल्यावरच त्याचा अधिकार कमी करण्यात आला. हा क्रम उलटा केल्यास पान कोणाच्याच हाती राहत नाही. एकाच व्यक्तीकडे पूर्ण नियंत्रण ठेवणे हेच बहुतेक पाने पोरकी होण्याचे कारण असल्याने दोन व्यक्तींचा नियम कायम पाळावा.

दुसरी चौकशी दूरध्वनी क्रमांकाची. पूर्वभरणा पद्धतीचा क्रमांक सलग ९० दिवस वापरात नसल्यास तो बंद केला जाऊ शकतो, आणि बंद झाल्यानंतर किमान ९० दिवसांचा काळ लोटल्यावर तो दुसऱ्या ग्राहकास मिळू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपचे खातेही साधारणपणे १२० दिवस निष्क्रिय राहिल्यास काढून टाकले जाते. म्हणजे तीन वर्षे दुर्लक्षित पानावर छापलेला क्रमांक आज एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या हाती असणे अगदी शक्य आहे. त्या व्यक्तीचा हेतू वाईट असेलच असे नाही. तथापि ग्राहकाने गटाचा क्रमांक समजून त्यावर आगाऊ रक्कम पाठविली, तर ती परत मिळविणे ग्राहकास कठीण जाते आणि दोष मात्र गटाच्या नावावर येतो.

याकरिता पानावरील प्रत्येक क्रमांकावर दुसऱ्या दूरध्वनीवरून स्वतः फोन करून पाहावा. नमुन्याच्या पानावर तीन क्रमांक आढळले. एक चालू होता, एक बंद होता, आणि तिसरा परगावच्या एका गृहस्थांनी उचलला. त्यांना ज्वारीची विचारणा करणारे फोन अधूनमधून येत असत. तिसरा क्रमांक पानाच्या माहितीतून त्याच दिवशी काढण्यात आला. उरलेल्या तपासणीस पंधरा दिवस लागले तरी चालतील, परंतु चुकीचा क्रमांक व पैसे भरण्याचे जुने चित्र या दोन गोष्टी त्याच दिवशी दूर केल्या पाहिजेत.

काढण्यापूर्वी उतरून घ्यावे

पानावरील मजकुराची प्रत उतरवून घेण्याची सोय फेसबुकच्या व्यवस्थेत आहे. ती प्रत संगणकावर व आणखी एका ठिकाणी जपून ठेवावी. त्याखेरीज एक साधी वही करावी व तिच्यात प्रत्येक नोंदीची तारीख, विषय, तिच्याखाली ग्राहकांनी विचारलेले प्रश्न आणि निर्णय असे चार रकाने आखावेत. नोंदी अडीचशेच्या आसपास असतील तर दोन व्यक्तींना हे काम तीन-चार संध्याकाळी पुरे होते.

वहीत उतरविताना पसंतीच्या खुणा मोजण्यात वेळ घालवू नये. दिवाळीच्या शुभेच्छांना दोनशे खुणा मिळतात आणि ज्वारीच्या गोणीला पंधरा. परंतु त्या पंधरांतील दोघांनी पत्ता विचारलेला असतो. विक्रीच्या दृष्टीने प्रश्न, मागणी व तक्रार या तीनच गोष्टी मोजण्याजोग्या आहेत.

नोंदींची चाळणी

नमुन्याच्या पानावर एकूण २४० नोंदी होत्या. त्यांची वर्गवारी व निर्णय पुढील तक्त्यात दिला आहे.

| नोंदीचा प्रकार | एकूण | ठेवल्या | झाकल्या | काढल्या |
|---|---|---|---|---|
| भावाचे फलक | ८४ | – | – | ८४ |
| सणांच्या शुभेच्छा व सुविचार | ७१ | – | ७१ | – |
| इतरांकडून आलेली चित्रे व मजकूर | ३३ | – | – | ३३ |
| पेरणी, काढणी, मळणी यांची छायाचित्रे | २९ | २४ | ५ | – |
| हुरड्यासाठी आलेल्या पाहुण्यांची छायाचित्रे | १४ | ५ | ९ | – |
| ग्राहकांच्या प्रश्नांची उत्तरे | ९ | ९ | – | – |
| एकूण | २४० | ३८ | ८५ | ११७ |

येथे ‘काढणे’ आणि ‘झाकणे’ यांतील फरक ध्यानात घेणे जरूर आहे. `Trash` मध्ये टाकलेली नोंद ३० दिवसांपर्यंत परत आणता येते व त्यानंतर ती कायमची नष्ट होते. `Archive` मध्ये ठेवलेली नोंद लोकांना दिसत नाही, पण पान चालविणाऱ्यांपाशी राहते व केव्हाही पुन्हा दाखविता येते. म्हणून ज्या नोंदीमुळे कोणाचे नुकसान होऊ शकते ती काढावी आणि जी केवळ निरुपयोगी आहे ती झाकावी. शंका असल्यास झाकावी.

भावाचे फलक काढण्याचे कारण उघड आहे. सन २०२१ चा भाव पाहून आलेला ग्राहक आजचा भाव ऐकताच आपणास फसविले जात आहे असे समजतो. त्यांत आणखी एक दोष होता. काही फलकांवर पाच व दहा किलोच्या पिशव्यांपुढे ‘कर नाही’ असे छापलेले होते. दिनांक १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद व लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यामुळे हे विधान छापले तेव्हा बरोबर असले तरी पुढे ते तसे राहिले नाही. गटास हा कर कितपत लागू होतो हे त्याच्या नोंदणीवर अवलंबून असल्याने नवा फलक करण्यापूर्वी हिशेबनिसास विचारून घ्यावे.

इतरांकडून आलेली ३३ चित्रे दोन कारणांनी काढली गेली. एक तर ती दुसऱ्याच्या शेताची व दुसऱ्याने काढलेली होती. गटाच्या पानावर परक्या कणसाचे छायाचित्र असणे म्हणजे ग्राहकास नमुना एका पोत्यातून दाखवून माल दुसऱ्यातून देण्यासारखे होय. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. त्यांपैकी काहींवर ज्वारीच्या भाकरीने मधुमेह बरा होतो अशा अर्थाचा मजकूर होता. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ५३ अन्वये अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मजकूर मूळचा आपला नव्हता, केवळ पुढे पाठविला होता, या सबबीवर विक्रेत्याने विसंबून राहू नये.

शुभेच्छांच्या ७१ नोंदी कोणाचे नुकसान करीत नव्हत्या, परंतु पान उघडताच प्रथम त्याच दिसत होत्या. जे पान मरणपंथास लागते त्यावर मालाच्या नोंदी आधी थांबतात व शुभेच्छा शेवटपर्यंत चालू राहतात. त्या झाकताच मळणीची छायाचित्रे आपोआप वर आली.

हुरड्याच्या छायाचित्रांत पाहुण्यांची व लहान मुलांची तोंडे स्पष्ट दिसत होती आणि त्यांची परवानगी घेतल्याची नोंद कोठेही नव्हती. अशी नऊ छायाचित्रे झाकण्यात आली. ज्यांत फक्त आगटी, कणसे व रान दिसते अशी पाच ठेवण्यात आली.

ठेवण्याजोग्या गोष्टीही पडताळून घ्याव्यात

ठेवलेल्या नोंदी निर्दोष आहेत असे गृहीत धरू नये. मंगळवेढ्याच्या ज्वारीस सन २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे या भागातील पुष्कळ पानांवर ‘मानांकनप्राप्त’ हा शब्द आढळतो. परंतु मानांकन हे त्या भागाच्या मालास असते. ते नाव विक्रीसाठी वापरण्याकरिता उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. नमुन्याच्या गटात बावीसपैकी सहाच सभासदांची अशी नोंदणी आढळली. तेव्हा तो शब्द सरसकट न ठेवता त्या सहा जणांच्या मालापुरताच ठेवण्याचे ठरले आणि त्यांच्या गोण्या वेगळ्या शिवण्याची व्यवस्था करण्यात आली. पिठाच्या पिशवीवर छापलेल्या अन्न परवान्याच्या क्रमांकाचीही अशीच खात्री करावी.

जुने पान मोडून नवे काढावे काय, असा प्रश्न या टप्प्यावर हटकून निघतो. पानाच्या `Page transparency` या भागात पान कधी निघाले व त्याचे नाव कधी बदलले हे कोणासही पाहता येते. सावध ग्राहक आगाऊ रक्कम पाठविण्यापूर्वी ते पाहतो. सन २०१९ पासून एकाच नावाने असलेले पान ही गटाची जुनी पत आहे. ताबा मिळत असेल आणि नाव तेच असेल तर जुने पान ठेवणेच हिताचे ठरते. याउलट एकाच गटाची दोन पाने निघालेली असतील, किंवा गट मोडून माल विकणे थांबलेले असेल, तर जादा पान काढून टाकावे. पान काढण्याची विनंती केल्यानंतरही ३० दिवसांपर्यंत ती मागे घेता येते.

संदेशपेटी काय सांगते

नोंदींपेक्षा संदेशपेटीची तपासणी अधिक बोधप्रद असते. नोंदीत गट काय सांगू इच्छित होता ते दिसते, तर संदेशांत ग्राहकास काय हवे होते ते कळते. नमुन्याच्या पानावर एकूण ६३ विचारणा आल्या होत्या. त्यांपैकी ३१ भावाबद्दल, १७ पुणे-मुंबईस माल पोचविण्याबद्दल, ९ हुरड्याबद्दल व ६ इतर होत्या. त्यांतील ४० विचारणांस उत्तरच दिले गेले नव्हते. ज्या २३ जणांना उत्तर मिळाले त्यांपैकी ११ जणांनी माल घेतला अथवा भेट ठरविली होती. विचारणा कमी होत्या म्हणून पान बंद पडले, ही गटातील समजूत यावरून चुकीची ठरली.

अकरा मागण्यांची फोड केली असता आठ मागण्या पूर्ण गोणीच्या, दोन पिठाच्या व एक हुरड्याची निघाली. गटाने मात्र पिठाचीच जाहिरात सर्वांत जास्त केली होती. ज्वारीच्या पिठात दाण्यातील कोंबाचा स्निग्धांश मिसळलेला असल्याने ते लवकर खवट होते, आणि दूरच्या ग्राहकास ते ताजे पोचविणे अवघड जाते. दाणा मात्र नीट वाळविलेला असल्यास महिनोन्महिने टिकतो.

तारखा लावून पाहता ६३ पैकी ४१ विचारणा फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांतील होत्या. रब्बी ज्वारीची काढणी व मळणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि शहरातील कुटुंबे उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरतात. पान बारमाही चालविण्याचा अट्टाहास करणे व पावसाळ्यात सांगण्यासारखे काही नाही म्हणून शुभेच्छांवर वेळ भागविणे, हेच या पानाच्या अधोगतीचे मूळ होते.

पुन्हा सुरू काय करावे

या निष्कर्षांवरून गटाने एकच गोष्ट पुन्हा सुरू करावयाची ठरविली. मालदांडी ज्वारीची ३० किलोची गोणी १५ मार्चपासून आठ आठवडे विकावयाची. पीठ बंद ठेवावयाचे. हुरडा त्या वर्षी सोडून द्यावयाचा, कारण पाहुण्यांची व्यवस्था पाहणारे कुटुंब आता उपलब्ध नव्हते. पानाकरिता ६० गोण्या, म्हणजे १८ क्विंटल माल राखून ठेवला व उरलेला नेहमीप्रमाणे बाजार समितीत नेण्याचे ठरले.

विक्रीपूर्वी पानावर चारच नोंदी करावयाच्या होत्या. पहिली जानेवारीत, पान नव्या व्यक्तींच्या हाती आले असून पूर्वीचे क्रमांक व पैसे भरण्याचे जुने चित्र रद्द झाले आहे, हे स्पष्ट सांगणारी. दुसरी उभ्या पिकाची. तिसरी मळणी होऊन दाणा वाळल्यावरची, ज्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत आल्याचे मोजून लिहिलेले असेल. चौथी भावाची, परंतु तिच्यावर भाव किती तारखेपर्यंत लागू आहे हे छापलेले आणि ती तारीख उलटताच नोंद काढण्याची जबाबदारी एका सभासदावर टाकलेली. पोचविण्याचा खर्च भावात न मिसळता वेगळा दाखविण्याचे ठरले, कारण सतरा जणांनी तोच प्रश्न विचारला होता.

उत्तरे देण्यासाठी दोन सभासदांनी रविवार सोडून रोज सायंकाळी आळीपाळीने एक तास द्यावयाचा. जुन्या ४० विचारणांपैकी ज्यांनी स्वतःचा क्रमांक लिहून ठेवला होता त्यांना एकदाच फोन करावयाचा, दुसऱ्यांदा नाही.

चालू ठेवावे की थांबवावे, याचा हिशेब

पान पुन्हा सुरू करतानाच ते कोणत्या आकड्यावर थांबवावयाचे हे लिहून ठेवावे. नाहीतर ते पुन्हा अर्धवट सुटते. नमुन्याच्या गटाचा हिशेब असा होता. बाजारभावापेक्षा गोणीमागे ३०० रुपये जास्त मिळतील असे धरले. त्यातून प्रतवारी, बारदान व शिलाई यांचे १२० रुपये वजा जाता १८० रुपये उरतात. आठ आठवडे, आठवड्यास सहा दिवस व रोज एक तास याप्रमाणे ४८ तासांचे काम होते. तासास ५० रुपये धरल्यास त्याची मजुरी २,४०० रुपये होते. २,४०० रुपयांस १८० ने भागले असता तेरापेक्षा थोडे अधिक येतात. म्हणजे १४ गोण्या विकल्या गेल्यास पानाचा खर्च निघतो आणि त्यापेक्षा कमी विकल्यास बाजार समितीच बरी. प्रत्येक गटाने स्वतःच्या गावातील मजुरी व बाजारभाव घालून हा आकडा काढावा.

हंगाम संपल्यावर शिल्लक गोण्या बाजारास पाठवून पानावर ‘या वर्षीची विक्री संपली, नवा माल पुढील मार्चमध्ये’ अशी एक नोंद सर्वांत वर ठेवावी आणि भावाची नोंद काढून टाकावी. पावसाळ्यात पान शांत राहिले तरी हरकत नाही, कारण ते आता चुकीचे काही सांगत नसते. तथापि त्या काळातही क्रमांक चालू राहील व व्हॉट्सअ‍ॅपचे खाते महिन्यातून एकदा तरी उघडले जाईल, याची नोंद गटाच्या मासिक सभेच्या इतिवृत्तात घेत जावी.